फिल्टरची कॉफी : दळण कसं हवं, वेळ किती हवा



मागच्या मे महिन्यात आमच्या बचत गटानं लातूरला एका कार्यक्रमात चहा-कॉफीचा स्टॉल लावला होता. सकाळी तापवून नेलेलं ६ लिटर दूध दुपारी तीन वाजता पुन्हा शेगडीवर ठेवलं आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फुटलं. दुसरं दूध आणायला एकीच्या मुलाला पाठवलं, पण तो येईपर्यंत कार्यक्रम सुटला होता. त्या दिवशी गटाच्या वहीत नफ्याच्या जागी तोटा लिहावा लागला.

पुढच्या बैठकीत हाच विषय निघाला. उन्हाळ्यात स्टॉल लावायचा असेल तर ज्याला फ्रीज लागत नाही असं दूध हवं. एकीनं सुचवलं की डब्यातलं गोड आटवलेलं दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, वापरून बघू. त्यात साखर भरपूर असते आणि डबा हवाबंद असतो, म्हणून तो फोडेपर्यंत महिनोन्‌महिने बाहेर टिकतो. आम्ही एक डबा आणला, घरातल्या नेहमीच्या पाण्यात विरघळणाऱ्या कॉफीत घातला आणि चव बघितली. सगळ्यांचं एकच मत पडलं, की ही कॉफी नाही, हे गोड दूध झालं. इतक्या गोड, घट्ट दुधासमोर उभी राहील अशी कॉफी तितकीच कडक लागते. मग बीदर माहेर असलेल्या आमच्या गटातल्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरी स्टीलचा फिल्टर आहे. त्यात उतरते तशी कॉफी पाहिजे."

आज त्या फिल्टरबद्दलच बोलणार आहे. तो आम्हाला लगेच जमला नाही. तीन संध्याकाळी बिघडवल्यावर जमला, आणि त्यातून कळलं की सगळा खेळ दोन गोष्टींचा आहे. पूड किती बारीक दळली आहे आणि पाणी तिच्यातून उतरायला किती वेळ घेतं.

आधी फिल्टर कसा असतो ते सांगते, कारण काही जणींनी तो बघितला नसेल. एकावर एक बसणारी दोन छोटी भांडी असतात. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक बारीक छिद्रं असतात. त्यात कॉफीची पूड घालायची. पुडीवर ठेवायला एक दांडीची चकती असते, लहान छत्रीसारखी, तिलाही छिद्रं असतात. वरून कढत पाणी ओतलं की ते पुडीतून झिरपत थेंब थेंब खालच्या भांड्यात उतरतं. खाली साठतो तो कोरा, काळा, घट्ट अर्क. दक्षिणेत त्याला डिकॉक्शन म्हणतात. सगळ्यावर एक झाकण. यात ना कागद लागतो, ना वीज. नांदेड-लातूरच्या मोठ्या भांड्यांच्या दुकानात विचारलंत तर मिळतो, नाहीतर बीदर, निजामाबाद, हैदराबादकडे जाणाऱ्या कुणाला सांगा.

गोड दुधाची कल्पना आम्हाला नवी वाटली होती, पण एका देशात ती घरोघरी आहे. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांच्या राजवटीत कॉफी आली, पण तिथल्या दमट उष्ण हवेत ताजं दूध कमी आणि न टिकणारं. म्हणून डब्यातलं गोड दूध पेल्यात आधी घालायचं आणि त्यावर छोटा धातूचा फिल्टर ठेवायचा, अशी रीत पडली. त्या फिल्टरला तिथं फिन म्हणतात. तो एकाच पेल्यापुरता असतो आणि थेट पेल्यावर बसतो. म्हणजे आमची अडचण आणि त्यांची अडचण एकच होती, दूध टिकत नाही. फरक इतकाच की फिनमधून कॉफी चार-पाच मिनिटांत उतरते आणि आपल्या स्टीलच्या फिल्टरमधून पंधरा-वीस मिनिटांत. म्हणून फिनला पूड जरा जाड लागते आणि आपल्याला जरा बारीक. हा फरक लक्षात ठेवा, कारण एकाची पूड दुसऱ्यात घातली की बिघडते.

आता पुडीकडे येऊ. पहिली चूक इथंच होते. आपल्याकडे बहुतेक घरांत जी कॉफी असते ती पाण्यात पूर्ण विरघळणारी असते. ती आधीच उकळून, आटवून, सुकवून केलेली असते. ती फिल्टरमध्ये घातली तर काही क्षणांत सगळी खाली वाहून जाते. ओळखायला सोपं आहे. पेलाभर गरम पाण्यात चमचाभर टाका. तळाला काहीच चोथा उरला नाही तर ती विरघळणारी. फिल्टरसाठी भाजून नुसती दळलेली पूड लागते, जिचा चोथा चहापत्तीसारखा मागे राहतो.

त्या पुडीत बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे. ते भाजून दळतात. गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याचं पीक होतं. त्यात कॉफीचा कैफ नसतो, पण रंग गडद येतो, अर्क दाट होतो आणि पूड स्वस्त पडते. चिकोरी मिसळणं ही भेसळ नाही, पण पाकिटावर किती टक्के आहे ते लिहावं लागतं आणि अशा मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त, निदान ५१ टक्के, असावीच लागते. सुटी पूड घेतलीत तर घरी बघता येतं. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पूड भुरभुरा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली जाऊ लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. आमच्या कामाच्या दृष्टीनं चिकोरीचा एक गुण महत्त्वाचा आहे. ती पाणी धरते आणि फुगते, त्यामुळे अर्क हळू उतरतो. शंभरात वीस भाग चिकोरी असेल तर ठीक चालतं. चाळीस-पन्नास भाग असेल तर पूड जरा जाडच दळलेली घ्या, नाहीतर फिल्टर तुंबतो.

कॉफीच्या बियांच्या दोन मुख्य जाती आहेत, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका सुवासिक आणि सौम्य असते. रोबस्टा कडवट आणि जोरकस असते, आणि तिच्यात कैफही साधारण दुप्पट असतो. व्हिएतनाममध्ये रोबस्टाच जास्त पिकते. आपल्याकडे कोडगू, चिकमगळूर, वायनाड या भागांत दोन्ही होतात, पण देशातलं उत्पन्न बघितलं तर रोबस्टाच जास्त. गोड दुधासाठी रोबस्टा जास्त असलेलं मिश्रण घ्या. नुसती अरेबिका या दुधात हरवते, आणि ती महागही असते.

आता दळण. ही गोष्ट स्वयंपाकघरातल्या भाषेतच सांगते. लापशीच्या रव्याइतकं जाड नको आणि गव्हाच्या पिठाइतकं बारीक नको. पुरणपोळीच्या कणकेत आपण जो बारीक रवा घालतो, चिरोटी रवा म्हणतो तो, तितकं हवं. चिमटीत घेऊन चोळलं की कण बोटाला लागले पाहिजेत, पण टोचता कामा नये. दुकानदार दळून देत असेल तर "स्टीलच्या फिल्टरसाठी" असं सांगा, त्याला कळतं.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पाणी पुडीच्या कणांच्या मधून वाट काढतं. कण जाड असतील तर वाटा मोठ्या, पाणी भरकन निघून जातं आणि कणाच्या पोटातला अर्क पोटातच राहतो. कॉफी फिकी आणि आंबटसर लागते. कण फार बारीक असतील तर वाटा बुजतात, पाणी पुडीत अडकून बसतं आणि जे उतरायला नको ते कडू, तुरटही उतरतं. चहापत्ती फार वेळ उकळली की चहा कडू होतो, तसंच. म्हणजे दळण हे नळाच्या चावीसारखं आहे आणि घड्याळ सांगतं की चावी किती उघडी आहे.

आम्ही तीन संध्याकाळी काय केलं ते आता सांगते. एक नियम पाळला होता, की माप बदलायचं नाही. दरवेळी २५ ग्रॅम पूड आणि १५० मिली पाणी. बदलायचं ते फक्त दळण. माप आणि दळण दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी भाजलेल्या बिया घरच्या मिक्सरमध्ये फिरवल्या, मसाला करतो तशा, एक मिनिटभर सलग. पूड गरम झाली आणि भुकटी झाली. फिल्टरमध्ये पाणी ओतलं. पाऊण तास झाला तरी खाली पाव भागच उतरला होता. तो चाखला तर औषधासारखा कडू, आणि थंडगार.

दुसऱ्या संध्याकाळी घाबरून मिक्सर दोनदाच झटका देऊन बंद केला. कण बडीशेपेएवढे राहिले. चार मिनिटांत वरचं भांडं रिकामं. खालचं पाणी बघितलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं. गोड दूध घातल्यावर पहिल्या दिवसासारखंच, नुसतं गोड दूध.

तिसऱ्या संध्याकाळी मिक्सर दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी चालवला, मधे भांडं हलवलं, पूड गार होऊ दिली. मग रव्याच्या चाळणीनं चाळली आणि वर राहिलेले जाड कण पुन्हा फिरवले. शेवटी मैद्याच्या चाळणीनं अगदी भुकटी होती ती काढून टाकली. ती साधारण दोन चमचे निघाली. या वेळी पाणी ओतल्यापासून अठरा मिनिटांत अर्क उतरला. काळा, दाट, चमच्याला किंचित चिकटणारा. २५ ग्रॅम पूड आपल्यात साधारण ५० मिली पाणी धरून ठेवते, म्हणून १५० मिली पाण्यातून १०० मिलीच अर्क मिळतो. तेवढाच मिळाला.

आता करायची पद्धत क्रमानं सांगते. कागद-पेन्सिल घ्या हवं तर.

फिल्टर कोरडा असू द्या. ओल्या भांड्यात पूड बुडाला चिकटते आणि छिद्रं बुजतात. २५ ग्रॅम पूड, म्हणजे पोह्यांच्या मोठ्या चमच्यानं साधारण चार-पाच चमचे, वरच्या भांड्यात घाला. चमचे सगळ्यांचे सारखे नसतात, म्हणून पहिल्यांदा काट्यावर मोजून आपला चमचा ठरवून ठेवा. भांडं हलकंच आपटून पूड सपाट करा. चकती वर ठेवा, पण दाबू नका. चकतीचं काम एवढंच आहे की ओतलेल्या पाण्यानं पुडीत खड्डा पडू नये. जोरात दाबली तर बारीक दळल्यासारखाच परिणाम होतो.

पाणी खळखळ उकळू द्या, गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. मग आधी थोडंसंच, दोन-तीन चमचे पाणी सगळीकडे पसरेल असं ओता आणि अर्धा-पाऊण मिनिट थांबा. पूड फुगते, बुडबुडे येतात. ताज्या भाजलेल्या कॉफीत वायू कोंडलेला असतो, तो बाहेर पडतो. सगळी पूड भिजते, आत कोरडी गाठ राहत नाही. मग उरलेलं पाणी चकतीवर हळूहळू ओता आणि झाकण ठेवा. इथून घड्याळ बघायचं.

दोन-तीन मिनिटांत खाली थेंब पडायला लागला पाहिजे. धार पडत असेल तर दळण जाड. पंधरा ते पंचवीस मिनिटांत सगळं उतरलं तर बरोबर. दहा मिनिटांच्या आत उतरलं तर पुढच्या वेळी जरा बारीक दळा. चाळीस मिनिटं झाली आणि अजून पाणी वरच आहे, तर जरा जाड दळा. मधेच ढवळायचं नाही. ढवळलं की बारीक कण तळाशी जाऊन छिद्रांत बसतात आणि होतं तेही बंद पडतं.

थेंब अचानक थांबला तर लगेच दळणाला दोष देऊ नका. चौथ्या दिवशी आमचं तसं झालं. पूड तीच, माप तेच, आणि पाच मिनिटांनी थेंब बंद. वहिनींनी वरचं भांडं जरासं उचललं, फस्स झालं आणि थेंब पुन्हा सुरू झाले. दोन्ही भांडी एकमेकांत घट्ट बसली होती आणि खालची हवा कोंडली होती. हवेला जायला जागा नसेल तर पाणी उतरणार कुठं? उचलून थेंब सुरू झाला तर दोष हवेचा. उचलूनही काही झालं नाही तर दोष दळणाचा. तिसरं कारण छिद्रांचं असू शकतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा क्षार बसतो, तो या छिद्रांतही बसतो. फिल्टर उजेडाकडे धरून बघा. छिद्रं दिसत नसतील तर गरम पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा. कॉफी करायला पिण्याचं गोडं पाणीच घ्या, जड पाण्यात चव मेलेली लागते.

आता दुधाचं बघू. एका छोट्या ग्लासासाठी आमचं माप असं ठरलं. ४० मिली अर्क, २० ग्रॅम गोड दूध, म्हणजे एक मोठा चमचा भरून, आणि ६० मिली कढत पाणी. वेगळी साखर नाही. त्या चमचाभर दुधात साधारण दोन लहान चमचे साखर आधीच आहे. ग्लासात आधी दूध घाला, त्यावर अर्क, मग पाणी, आणि चमचा तळापर्यंत नेऊन ढवळा. दूध घट्ट असतं, ते तळाला बसून राहतं, आणि पिणाऱ्याला आधी कडू आणि शेवटी पाक मिळतो. अर्क गार झाला असेल तर त्याचं भांडं गरम पाण्यात ठेवून तापवा. थेट गॅसवर उकळू नका, उकळलेला अर्क जळका लागतो. उन्हाळ्यात थंड द्यायची असेल तर ६० मिली पाण्याऐवजी ग्लासभर बर्फ घाला. बर्फ वितळून पाण्याचं काम करतो. पण दूध गरम अर्कातच आधी विरघळवून घ्या, थंडात ते विरघळत नाही.

डबा फोडल्यावर मात्र त्याला पहिल्यासारखं टिकाऊ समजू नका. उरलेलं दूध पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. ओला चमचा घालू नका.

गोड दूध घरी करता येतं का, असं बऱ्याच जणींनी विचारलं. येतं. एक लिटर दूध आणि १८० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत आटवा, साधारण साडेचारशे ग्रॅम उरेपर्यंत. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा म्हणजे अंदाज लागतो. म्हशीचं दूध असेल तर थोडं जास्त उरतं. चमच्यातून पडताना जाड धार पडली की उतरवा. त्याहून जास्त घट्ट होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर ते पेढ्यासारखं होतं. पण हे दूध डब्यातल्यासारखं हवाबंद केलेलं नसतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. म्हणजे घरच्या वापराला छान, पण मे महिन्यातल्या स्टॉलची आमची अडचण त्यानं सुटत नाही. तिथं बंद डबाच हवा, आणि लागेल तसा एकेक फोडायचा.

आता स्टॉलचा हिशेब. या जानेवारीत संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आम्हाला ४० ग्लास कॉफीची ऑर्डर मिळाली. ४० ग्लासांना प्रत्येकी ४० मिली म्हणजे १,६०० मिली अर्क. १०० मिलीला २५ ग्रॅम पूड, म्हणजे ४०० ग्रॅम पूड. दूध ४० गुणिले २० म्हणजे ८०० ग्रॅम, ४०० ग्रॅमचे दोन डबे. इथपर्यंत सोपं. पण आमचा छोटा फिल्टर एका वेळी १०० मिलीच देतो, म्हणजे सोळा खेपा. एका खेपेला उतरायला वीस मिनिटं, आणि चोथा काढून धुऊन पुसून पुन्हा भरायला दहा. एका फिल्टरवर आठ तास लागले असते! म्हणून आणखी तीन फिल्टर उसने आणले. चार फिल्टर, चार खेपा, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दोन तास. कार्यक्रम चारला होता, आम्ही दीडला बसलो आणि साडेतीनला अर्क थर्मासमध्ये भरून तयार होता. थर्मासमध्ये दोन तास चव चांगली राहते, त्यानंतर उतरत जाते.

मोठा फिल्टर आणला तर एकदम होईल असं वाटतं, आणि होतंही, पण त्यात पुडीचा थर जाड होतो आणि पाण्याला उतरायला वाट लांब पडते. त्यासाठी पूड थोडी जाड दळावी लागते आणि अर्धा-पाऊण तास धरावा लागतो. छोट्या फिल्टरची पूड मोठ्यात तशीच घालून ऑर्डरच्या दिवशी पहिल्यांदा बघू नका. आधी घरी एकदा करून वेळ लिहून ठेवा.

त्या दिवशी तुंबलं नाही, फुटलं नाही. दोन डब्यांत तळाला चमचाभर दूध उरलं तेवढंच. हिशेब घालताना भाव तुमच्या गावचे धरा, पण पुडीचे ग्रॅम, डबे, गॅस आणि दोन जणींचे दोन तास हे चारही वहीत लिहा. आम्ही सुरुवातीला तास लिहितच नव्हतो, म्हणून नफा खरा होता त्यापेक्षा जास्त दिसायचा.

जाता जाता एक सावधगिरी. ही कॉफी खरंच कडक असते. एका ग्लासात दहा ग्रॅम पुडीचा अर्क असतो. गरोदर बायकांनी दिवसाला एकापेक्षा जास्त घेऊ नये, आणि डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर तोही नको. रक्त कमी असलेल्या, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी ती जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर घेऊ नये, मधे दीड-दोन तास जाऊ द्यावेत, कारण कॉफीमुळे अंगाला लोह कमी लागतं. साखरेचा आजार असणाऱ्यांना या दुधातली साखर कमी करून देता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही तोच अर्क साध्या दुधात, बिनसाखरेचा देतो. म्हणून स्टॉलवर अर्धा लिटर साधं दूध वेगळं ठेवतोच. उन्हाळ्यात तेवढंच, बर्फात ठेवून.

आमच्या गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता एक छोटा तक्ता आहे. तारीख, कुठली पूड, दळण कसं, किती मिनिटांत उतरलं, चव कशी. पूड बदलली, दुकान बदललं की पहिली खेप त्या पानावर उतरते आणि मगच ऑर्डर घेतली जाते. तुमच्याकडे फिल्टर आला की पहिल्याच दिवशी असं पान करा.